पवर्गाची परीक्षा

प, फ, ब, भ, म. पाचवीच्या वर्गात व्याकरण शिकवताना मी मुलांना सांगायचो, ओठाला ओठ न लावता 'म' म्हणून दाखवा. सगळा वर्ग तोंड उघडं ठेवून घों घों करायचा आणि मग हसत सुटायचा. ओठ मिटल्याशिवाय 'म' येत नाही, 'ब' येत नाही, 'प' येत नाही, हे एकदा कळलं की ओष्ठ्य वर्ण म्हणजे काय हे मूल जन्मात विसरत नाही. (मराठीतला 'फ' हल्ली बरेच जण दातांनी ओठ चावून म्हणतात, पण ते असो.)

हे व्याकरण मला सत्तरी उलटल्यावर टीव्हीच्या दुरुस्तीला उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता. पण तसं झालं खरं. गेल्या दोनतीन वर्षांत आमच्या नात्यागोत्यात जवळपास प्रत्येक घरी टीव्हीखाली ती लांबट काळी पट्टी आली आहे, जिला साउंडबार म्हणतात. टीव्ही पातळ झाले, त्यांचे स्पीकर पाठीमागे गेले, आवाज भिंतीवर आपटून पुटपुटल्यासारखा येऊ लागला, म्हणून ही पट्टी. आणि पट्टीबरोबर प्रत्येक घरी एक तक्रारही आली आहे : आवाज आणि ओठ जुळत नाहीत. त्यावर जो तो सांगतो की केबल बदला. ऑप्टिकल काढा, एचडीएमआय लावा, भारीतली घ्या.

माझं मत स्पष्टच सांगतो. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर केबल ही शेवटी पाहायची गोष्ट आहे. पहिला प्रश्न एकच विचारायचा : पुढे कोण आहे, आवाज की चित्र? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठल्याही बटणाला हात लावू नये. कारण या दोन आजारांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर आजार वाढतो.

आता हा आजार एवढा मनावर का घ्यायचा? तर माझ्या थोरल्या बहिणीमुळे. माई सांगलीला असते, वय एक्याऐंशी, ऐकायला कमी येतं. कानात मशीन आहे, पण ती निम्मं ऐकते आणि निम्मं समोरच्याच्या तोंडाकडे बघून समजते. तिला स्वतःलाही हे ठाऊक नाही. स्वयंपाकघरातून बोललेलं तिला कळत नाही, समोर येऊन तेवढ्याच आवाजात बोललं की कळतं. आपण सगळेच थोडंफार असं करतो. १९७६ साली मॅगर्क आणि मॅकडोनल्ड या ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. आवाज 'ब'चा ऐकवायचा आणि पडद्यावरचा चेहरा 'ग' म्हणताना दाखवायचा. ऐकणाऱ्या मोठ्या माणसांना त्यातून 'ब'ही ऐकू आला नाही आणि 'ग'ही नाही, बहुतेकांना तिसराच, 'द'सारखा वर्ण ऐकू आला. ओष्ठ्य आणि कंठ्य यांची मेंदूने तडजोड केली आणि मधलं काहीतरी धरलं! म्हणजे डोळा कानाला नुसती मदत करत नाही, तो कानाला फसवूही शकतो. ज्याचे कान धड आहेत त्याला न जुळणारे ओठ नुसते खटकतात. माईसारख्या माणसाचं मात्र वाक्यच निसटतं. दिवाळीत भाच्याने हौसेने साउंडबार आणला आणि पंधरा दिवसांत माई फोनवर म्हणाली, "अरे, आवाज मोठा झाला पण मला पहिल्यापेक्षा कमी कळतंय." घरातल्यांना वाटलं, माईचे कान आणखी गेले. मशीन बदलायला न्यायचं ठरत होतं.

मी गेलो तेव्हा मांडणी अशी होती. त्रेचाळीस इंची टीव्ही, सात-आठ वर्षांपूर्वीचा. सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला. आणि टीव्हीतून साउंडबारला ऑप्टिकल केबल गेलेली. ही ऑप्टिकल म्हणजे प्लॅस्टिकच्या बारीक दोऱ्यातून आवाज लाल प्रकाशाच्या रूपात नेणारी केबल. १९८३ साली तोशिबाने ती आणली, म्हणजे ती काही आजची नाही. टीव्ही चालू असताना तिचं दुसरं टोक काढून पाहिलं तर टोकाशी लाल ठिपका दिसतो. दिसला की समजायचं, टीव्हीकडून आवाज निघाला आहे. (नव्या केबलच्या दोन्ही टोकांना बारीकशी पारदर्शक टोपणं असतात, ती न काढताच खुपसतात आणि मग आवाज येत नाही म्हणून साउंडबार परत करायला निघतात. दोन घरांत पाहिलंय.) केबलला काटकोनात मोडू नये, एवढं पथ्य पाळलं की ती वर्षानुवर्षं टिकते.

पहिली तपासणी मी केली ती साउंडबार बंद करून. आवाज टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर घेतला आणि बातम्या लावल्या. ओठ जुळत होते. ही तपासणी वगळायची नाही. कारण कित्येकदा दोष वाहिनीकडूनच आलेला असतो. बाहेरगावचा वार्ताहर थेट बोलत असतो तेव्हा तो तिकडूनच विस्कटलेला येतो, आणि दुसऱ्या भाषेतून आणलेल्या सिनेमात तर ओठ जुळणारच नाहीत, तिथे कितीही बटणं दाबा. म्हणून परीक्षेला डब केलेलं काही घ्यायचं नाही. स्टुडिओत बसून, कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलणारा निवेदक घ्यायचा. टीव्हीच्या स्पीकरवर जुळतं आणि साउंडबारवर जुळत नाही असं ठरलं, की दोष टीव्ही आणि साउंडबार यांच्या मधला.

मग परीक्षा पवर्गाची. बातम्यांमध्ये 'मुंबई' हा शब्द काही मिनिटांत कितीदा येतो ते मोजा कधीतरी. 'मुंबई' म्हणताना ओठ दोनदा मिटतात, 'मु'ला आणि 'ब'ला. 'पाऊस', 'बातमी', 'पोलीस', 'महापालिका' हेही चालतात. निवेदिकेच्या फक्त ओठांकडे बघायचं आणि तिचं म्हणणं ऐकायचं, अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. ओठ अजून उघडे आहेत आणि 'म' कानावर आला, तर आवाज पुढे. ओठ मिटून उघडून गेले आणि मग 'म' आला, तर आवाज मागे. क, ग, त, द यांचा इथे उपयोग नाही, ते तोंडाच्या आत होतात आणि दिसत नाहीत. माझ्या भाच्याला ही परीक्षा आधी पोरखेळ वाटली, पण तिसऱ्या 'मुंबई'ला तोच म्हणाला, "मामा, आवाज आधी येतोय!"

आवाज आधी का येईल? टीव्हीला चित्र आलं की तो ते लगेच दाखवत नाही. आपल्याकडे प्रसारणात सेकंदाला पंचवीस चित्रं येतात, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. हल्लीचे टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः बनवून भरतात, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. त्यासाठी पुढचं चित्र हाती येईपर्यंत आधीचं थांबवून ठेवावं लागतं. शिवाय रंग उजळणं, कडा टोकदार करणं हेही चालू असतं. दोनतीन चित्रांचा वेळ यात सहज जातो. टीव्ही बनवणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो स्वतःच्या स्पीकरला तेवढंच थांबवून ठेवतो. पण ऑप्टिकलच्या भोकातून बाहेर जाणारा आवाज थांबवायचा की नाही, हे प्रत्येक टीव्ही आपापलं ठरवतो. माईच्या टीव्हीने तो थांबवला नव्हता. आवाज सरळ साउंडबारकडे पळाला आणि चित्र मागे मेकअप करत बसलं.

आणि आवाज पुढे असणं हे मागे असण्यापेक्षा जास्त खटकतं. यालाही कारण आहे. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. नदीच्या पलीकडच्या काठावर कपडे धुणारीचा हात खाली येतो आणि धप्प आवाज जरा थांबून येतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे. आवाजाला मीटरभर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, शंभर मीटरच्या मैदानापलीकडची शाळेची घंटा जवळजवळ तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येते. थिएटरात पडद्यापासून तीस मीटरवर बसलेल्याला आवाज नव्वद मिलिसेकंद उशिराच मिळतो आणि तो तक्रार करत नाही. पण हात वर असतानाच धप्प ऐकू आलं, असं जगात कधी घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हाच फरक आकड्यांत दिला आहे : आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लोकांच्या लक्षात येतो, मागे पडलेला मात्र १२५ होईपर्यंत लक्षात येत नाही. हे दोन आकडे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

औषधाआधी एक पथ्य केलं. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये आवाजाच्या भागात Digital Audio Output किंवा तशाच नावाची एक ओळ असते. तिथे बहुतेक वेळा Auto लिहिलेलं असतं. ते मी PCM केलं. पीसीएम म्हणजे टीव्हीने आवाज उलगडून, साधा दोन बाजूंचा करून द्यायचा. Auto वर असताना काय होतं, तर वाहिनीचा आवाज एका प्रकारे येतो, टीव्हीतल्या सिनेमा-मालिकांच्या ॲपचा दुसऱ्या प्रकारे. ॲपमधला पुष्कळदा डॉल्बी डिजिटल प्लस असतो, आणि तो ऑप्टिकलमधून जाऊच शकत नाही. मग टीव्ही तो उलगडतो, जुन्या डॉल्बीत पुन्हा बांधतो, पाठवतो, आणि साउंडबार पुन्हा उलगडतो. या बांधाबांधीला वेळ लागतो. परिणाम असा की बातम्यांना जुळवलेलं गणित ॲपवर चुकतं आणि ॲपवर जुळवलेलं बातम्यांना चुकतं, आणि माणूस रोज रात्री रिमोट घेऊन बसतो. पीसीएम केलं की बहुतेक सगळ्यांचा रस्ता एक होतो आणि एकच जुळवणी सगळीकडे चालते. यात नुकसान काय? सभोवतीचे पाच-सहा स्पीकर असतील तर त्यांचं वेगवेगळेपण जातं, कारण ऑप्टिकलवर पीसीएम दोनच बाजूंचं जातं. माईकडे एकच पट्टी आहे. ती बातम्या, मालिका आणि कीर्तन बघते. तिचं काही गेलं नाही. ज्यांनी खोलीभर स्पीकर मांडलेत त्यांनी मात्र हे करू नये, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती खाली येते.

मग औषध. आवाज पुढे आहे, तेव्हा त्याला थांबवायचं. साउंडबारच्या रिमोटवर AV SYNC किंवा AUDIO DELAY असं बटण असतं, काहींत ते मेनूत आत लपलेलं असतं. माईच्या साउंडबारमध्ये ते शून्यापासून तीनशे मिलिसेकंदांपर्यंत, दहा-दहाने वाढतं. बहुतेक लोक इथे 'जरा बरं वाटतंय' म्हटलं की थांबतात. मी तसं करत नाही. आवाज पुढे वाटायचा बंद होतो तो आकडा लिहून घ्यायचा. तिथे न थांबता वाढवत जायचं, आवाज स्पष्ट मागे वाटू लागेपर्यंत, आणि तोही आकडा लिहायचा. आमच्याकडे सत्तरला आवाज पुढे वाटायचा थांबला आणि एकशे नव्वदला मागे वाटायला लागला. आता खरा आकडा यांच्या मध्ये कुठेतरी. भाचा लगेच म्हणाला, एकशे तीस. सरासरी! पण इथेच वरचे दोन आकडे आठवायचे. पुढचा आवाज आपल्याला लवकर कळतो आणि मागचा उशिरा, पंचेचाळीस आणि सव्वाशे. म्हणजे अचूक जागा दोन्ही कडांच्या मधोमध नसते, पहिल्या कडेच्या जवळ असते, साधारण पाव अंतरावर. सत्तर ते एकशे नव्वद म्हणजे एकशे वीस, त्याचा पाव तीस. शंभरावर ठेवलं. शंभर मिलिसेकंद म्हणजे अडीच चित्रं, टीव्हीच्या मेकअपला लागेल तेवढंच.

माईला काहीच सांगितलं नव्हतं. ती भाजी निवडत बसली होती. दहा मिनिटांनी म्हणाली, "ही बाई आज सावकाश बोलतेय." बाई कालच्याच वेगाने बोलत होती.

हे झालं आवाज पुढे असलेल्या घराचं. आता उलटा आजार. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे आवाज मागे पडत होता. त्यांनी कुठेतरी वाचून त्याच AV SYNC ने आकडा वाढवला आणि आणखी मागे पाडला. नावातच 'डिले' आहे, ते फक्त उशीर करू शकतं. आवाज लवकर आणणारं बटण साउंडबारमध्ये नसतं, असूच शकत नाही, जो आवाज अजून आलाच नाही तो वाजवणार कसा? तिथे उशीर कुठे होतोय ते शोधून काढून टाकावा लागतो. त्यांचा साउंडबार टीव्हीला बिनतारी, ब्लूटूथने जोडलेला होता. ब्लूटूथमध्ये आवाज बांधून, साठवून, सोडून पाठवतात, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद जाणं नेहमीचं आहे. गाण्यांना ठीक, चेहऱ्यांना नाही. तिथे खरोखरच केबल हे औषध होतं. साधी ऑप्टिकल लावली, साउंडबारचा आकडा शून्यावर आणला, टीव्हीच्या मेनूतही Digital Audio Delay असं काही असतं ते सगळ्यात कमी केलं, बाहेर जाणारा आवाज पीसीएम केला, साउंडबारमधले सभोवतीचा भास देणारे प्रकार बंद केले. एवढ्याने जुळलं.

त्यांच्या मुलाने त्याआधी एक गंमत करून ठेवली होती, टीव्हीला गेम मोडवर टाकलं होतं. मुलं सांगतात की गेम मोडने सगळा उशीर जातो. जातो, पण चित्राचा! टीव्ही मेकअप सोडून चित्र लगेच दाखवतो. आवाज पुढे असेल तर त्याने फायदा होतो, आवाज मागे असेल तर चित्र आणखी पुढे पळतं. तरी म्हणतो, आधी विचारा पुढे कोण आहे. हालचाल गुळगुळीत करणारं जे Motion नावाचं काही असतं त्याचंही असंच. ते बंद केलं की चित्र लवकर येतं. मला तर ते एरवीही बंदच आवडतं, सिनेमा मालिकेसारखा दिसतो त्याने. पण आवाज आधीच मागे असताना ते बंद केलं तर दरी वाढणार.

आता केबलचं, ज्यावरून वाद घालायला काही जण टपलेच असतील. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय भोकापाशी ARC किंवा eARC लिहिलेलं असतं, एकाच भोकापाशी. एआरसी म्हणजे परतीची वाट : ज्या केबलने टीव्हीकडे चित्र येतं त्याच केबलने टीव्हीचा आवाज उलट साउंडबारकडे जातो. ती २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत आली, आणि तिची मोठी बहीण ईएआरसी २०१७ मध्ये २.१ बरोबर. विक्रेते सांगतात की एआरसीने ओठ आपोआप जुळतात. टीव्ही आणि साउंडबार एकमेकांना आपला उशीर सांगू शकतात हे खरं, पण एआरसीमध्ये ते बंधनकारक नव्हतं, ईएआरसीमध्ये बंधनकारक झालं, आणि ईएआरसी दोन्ही टोकांना हवं, एका टोकाला असून चालत नाही. आपल्या घरांतले बरेच टीव्ही त्याआधीचे आहेत. म्हणून 'आपोआप' या शब्दावर माझा विश्वास नाही. लावा, आणि पवर्गाची परीक्षा घ्या.

तरीही माईकडे मी दुसऱ्या दिवशी एआरसीच लावली. ओठांसाठी नाही, रिमोटसाठी. ऑप्टिकलने जोडलं की टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज सहसा कमीजास्त होत नाही, साउंडबारचा वेगळा रिमोट लागतो. सेट टॉप बॉक्सचा एक, टीव्हीचा एक, साउंडबारचा एक. एक्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात तीन रिमोट देणं हे मला शिक्षेसारखं वाटतं. एआरसीच्या केबलमधून रिमोटचे हुकूमही जातात. साउंडबारच्या खोक्यातलीच साधी एचडीएमआय केबल पुरली. एक टोक टीव्हीच्या ARC लिहिलेल्या भोकात, दुसरं साउंडबारच्या HDMI OUT लिहिलेल्या भोकात. आवाज साउंडबारमध्ये येतोय मग OUT का, असा प्रश्न पडतो. चित्राच्या दृष्टीने ते बाहेर जाण्याचं भोक आहे, आवाज तेवढा उलटा येतो. सेट टॉप बॉक्स आधी नेमका ARC च्या भोकात बसलेला होता, त्याला शेजारच्यात हलवलं. मेनूत HDMI-CEC चालू केलं आणि स्पीकर म्हणून HDMI ARC निवडलं. PCM पुन्हा पाहून घेतलं. साउंडबारचा आकडा शून्यावर आणून परीक्षा नव्याने घेतली. या वेळी पहिली कड जवळजवळ शून्यापाशीच सापडली आणि वीसवर काम झालं. म्हणजे या वाटेने टीव्ही बराचसा उशीर स्वतः सांभाळतो, ऑप्टिकलच्या वाटेने सांभाळत नाही. दुसऱ्या टीव्हीत याच्या उलटही असू शकेल, म्हणून माझे आकडे कुणी उतरवून घेऊ नका.

काही घरांत सीईसी वेड्यासारखं वागतं. टीव्ही बंद केला की बॉक्स बंद, साउंडबार चालू केला की टीव्ही भलत्याच भोकावर. तिथे मी खुशाल ऑप्टिकलवर परत जा म्हणेन. बोललेला शब्द कळण्यासाठी ऑप्टिकलवरचा साधा पीसीएम पुरेसा आहे, त्यात कमीपणा काही नाही.

आणि ज्यांच्याकडे रिसीव्हर आणि खोलीभर स्पीकर आहेत त्यांच्यासाठी एवढंच, की बॉक्स टीव्हीला न जोडता रिसीव्हरलाच जोडावा, आणि रिसीव्हरच्या HDMI OUT मधून केबल टीव्हीच्या ARC मध्ये न्यावी. मग बॉक्सचा आवाज टीव्हीकडे जाऊन परत येत नाही, तो आधीच रिसीव्हरच्या हातात असतो आणि चित्र टीव्हीकडे जातं. अशा मांडणीत आवाज मागे पडण्याची भीती फारच कमी, पुढे गेला तर रिसीव्हर थांबवतो. पीसीएमची काटकसरही करावी लागत नाही. माझ्या ठाण्याच्या पुतण्याकडे असंच आहे आणि त्याला मला बोलवावं लागलेलं नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जोडणी करायला येणारी मुलं मोठ्या आवाजात एक गाणं वाजवून दाखवतात आणि सही घेऊन जातात. गाण्यात ओठ कोण बघतो? त्यांनी पाच मिनिटं बातम्या लावल्या असत्या तर माईला कानाच्या डॉक्टरकडे न्यायची बोलणी झाली नसती. तेव्हा साउंडबार आला की त्या मुलाला चहा द्या, बसवा, बातम्या लावा, आणि तीन 'मुंबई' होईपर्यंत सही करू नका.

शेवटी भाच्याकडून एक काम करून घेतलं. टीव्हीच्या मागे कागद चिकटवला आहे, त्यावर लिहिलंय : PCM, ARC, AV SYNC २०, आणि ऑप्टिकल लावल्यास १००. टीव्हीचं नवं सॉफ्टवेअर रात्रीतून आलं की कधीकधी PCM परत Auto होऊन बसतं, आणि साउंडबार कुणी मूळपदावर आणला की आकडा शून्य होतो. माईला मेनू कळत नाही, पण 'बाई भरभर बोलायला लागली' हे तिला लगेच कळतं. तसं झालं की तिने फोन करायचा आणि भाच्याने कागद बघायचा.